जुना लॅपटॉप, मदरबोर्ड जातोय म्हणतात. रिपेअर करू की नवीन घेऊ? (खर्चाचा हिशोब हवाय)

सुमेधा_सातारा

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय कारण मशीन कधी बंद पडेल सांगता येत नाही. लॅपटॉप २०१८ चा आहे, i5-8250U, ८ जीबी रॅम, मध्ये एकदा २५६ चा एसएसडी टाकून घेतलाय. माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, शाळांचे अहवाल वगैरे. गेल्या महिन्यापासून चार्जर लावलेला असताना अचानक फट्‌दिशी बंद होतो, निळा स्क्रीन नाही, मेसेज नाही, काही नाही. कधीकधी पॉवर बटण दाबलं की कीबोर्डचा लाईट दोन सेकंद लागतो आणि विझतो, मग पाचदहा मिनिटांनी परत दाबलं की सुरू होतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवला, त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं मदरबोर्ड फॉल्टी, बदलावा लागेल, २४,५०० अधिक जीएसटी. गावातल्या एका दुकानात ४,५०० सांगितले, "चिप लेव्हल करून देतो" एवढंच म्हणाले, काय करणार ते सांगितलं नाही. रिफर्बिश्ड वाला ह्याच जनरेशनचा दुसरा लॅपटॉप १९,००० ला देतोय, सहा महिने वॉरंटी. आणि नवीन घ्यायचा तर माझ्या कामाला चालेल असा ४२,००० च्या खाली मिळत नाहीये.

अडचण अशी की माझं मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर ह्याच मशीनला बांधलेलं आहे, दुसऱ्या मशीनवर टाकायचं तर परत लायसन्स. म्हणून नुसतं "नवीन घ्या" हे उत्तर मला सोपं नाहीये. काय करावं?

---

अण्णा_६२

ताई, मी तीस वर्षं ऑफिसात कॉम्प्युटर बघितलेत, सरळ सांगतो. बोर्ड गेला की लॅपटॉप गेला. दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला की दुरुस्ती करायची नाही हा साधा नियम आहे. २४,५०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८,९१० झाले, आणि सात वर्षं जुनं मशीन आज चालू स्थितीत विकायला काढलंत तर १६-१७ हजार येतील. म्हणजे मशीनपेक्षा दुरुस्ती महाग. रिफर्बिश्ड घ्या नाहीतर थोडे पैसे घालून नवीन घ्या. गल्लीतल्या दुकानात बोर्डला हात लावू देऊ नका, दोन महिन्यांत परत तेच.

---

रोहन_डी

८ जीबी रॅम आता कमीच पडते, १६ करा आणि विंडोज फ्रेश टाका, माझा पण असाच हळू झाला होता आता एकदम फास्ट चालतो.

---

सुमेधा_सातारा

रोहन, हळू नाहीये हो, चालू असतो तेव्हा छान चालतो. बंद पडतो, तो प्रश्न आहे.

---

किरण_बोर्डवाला

मी पुण्यात बोर्ड रिपेअरचंच काम करतो. अण्णांचं कंपनीच्या कोटेशनबद्दलचं गणित बरोबर आहे, त्या भावाला बोर्ड बदलण्यात अर्थ नाही, त्यात वाद नाही. पण "बोर्ड गेला" हे निदान नाही. सर्व्हिस सेंटरला बोर्ड हा एकच पार्ट असतो. त्यांच्याकडे चांगला ॲडॅप्टर लावून बघतात, चांगली बॅटरी लावून बघतात, तरी बंद पडला की बोर्ड लिहितात, त्यांचं काम तिथे संपतं. त्या बोर्डवर हजारभर छोटे भाग असतात आणि बहुतेक वेळा त्यातले एकदोनच गेलेले असतात. कोणता भाग गेला त्यावर खर्च २,००० होणार की मशीन भंगारात जाणार ते ठरतं. त्यामुळे रिपेअर की रिप्लेस हे आत्ता ठरवताच येणार नाही, आधी बिघाड कुठे आहे ते थोडं जवळ आणूया. घरी करता येण्यासारखं सांगतो.

पहिलं म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, Windows Logs मध्ये System, तिथे Kernel-Power नावाची लाल नोंद दिसेल, Event ID 41. ती नोंद बघून लोक घाबरतात, पण ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. त्याच्यावर क्लिक करून Details मध्ये BugcheckCode बघा. तिथे 0 असेल तर विंडोजला काही कळायच्या आत करंट गेलाय. दुसरा काही आकडा असेल तर विंडोज क्रॅश झालंय, मग रॅम, एसएसडी, ड्रायव्हर ह्यांच्याकडे बघायचं, बोर्डवर लगेच संशय घ्यायचा नाही.

दुसरं, मशीन फक्त बॅटरीवर चालवून बघा, चार्जर पूर्ण काढून. बंद पडतो का? मग चार्जर लावून चालवा आणि जॅकपाशी पिन अगदी हलकी हलवा, चार्जिंगचा लाईट लुकलुकतो का बघा. शक्य असेल तर त्याच कंपनीचा तेवढ्याच वॅटचा दुसरा कोणाचा तरी ॲडॅप्टर मागून आणा. एवढं करून लिहा.

---

वृषाली

किरण सांगतायत ते कराच, पण त्याच्या आधी एक. मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे आणि हे दर महिन्याला बघते. मशीन अजून सुरू होतंय तोवर दोन गोष्टी आजच करा. सगळी कामाची फोल्डरं बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी. आणि डिस्क एन्क्रिप्टेड आहे का ते तपासा. सर्च मध्ये cmd टाइप करून Run as administrator ने उघडा आणि हे टाका:

```
manage-bde -status
```

Protection On असं आलं तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ४८ आकडी असते, aka.ms/myrecoverykey ला मिळते. लोकांना वाटतं एसएसडी वेगळा आहे, बोर्ड गेला तरी काढून दुसरीकडे लावू. पण एन्क्रिप्शनची किल्ली जुन्या बोर्डवर असते, बोर्ड बदलला किंवा ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला की तो हीच की मागतो आणि ती नसेल तर डेटा कुठलाच दुकानदार काढून देऊ शकत नाही. बऱ्याच मशीनमध्ये हे आपोआप चालू झालेलं असतं, आपण कधी चालू केलेलं नसतं.

---

कोकणकडा

माझा अनुभव सांगतो, रत्नागिरीला असतो. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर चहा सांडला. दुकानात दिला, बोर्ड धुवून दिला, २,५०० घेतले, तीन महिने चालला. परत बंद, परत दिला, ह्यावेळी कुठलातरी आयसी बदलला ३,०००. पावसाळ्यात परत बंद. तिसऱ्या दुकानाने ३,५०० घेतले आणि सांगितलं प्रोसेसरच्या खाली गंज गेलाय आता काही होणार नाही. नऊ हजार गेले आणि लॅपटॉप पण गेला. म्हणून माझं मत अण्णांसारखंच, बोर्डवर पैसे घालू नका.

---

किरण_बोर्डवाला

@कोकणकडा, तुमचं वाईट झालं, पण ती केस वेगळी. चहा सांडला की तो एका जागी राहत नाही. साखर आणि दूध चिपच्या खाली शिरतं, वरून धुवून दिसायला बोर्ड चकाचक होतो, आणि प्रोसेसरच्या खाली जे शेकडो बारीक सोल्डरचे गोळे असतात तिथे गंज चालूच राहतो. कोकणातली हवा त्याला मदतच करते. असा बोर्ड पहिल्याच वेळी मायक्रोस्कोपखाली बघून सांगायला हवं होतं की प्रोसेसरच्या कडेला हिरवं दिसतंय, पैसे घालू नका. पहिल्या दुकानाने ते सांगितलं असतं तर तुमचे पुढचे साडेसहा हजार वाचले असते.

सुमेधाताई, तुमच्या लॅपटॉपवर कधी काही सांडलंय का हेही लिहा.

---

सुमेधा_सातारा

सांडलं काही नाही. पण माझं टेबल खिडकीपाशी आहे आणि साताऱ्यात पावसाळ्यात दमट असतं, तेवढंच.

वृषाली तुझे फार आभार, Protection On निघालं! मी आयुष्यात कधी ते चालू केलेलं नाही. की लिहून घेतली, बॅकअप पण झाला.

आता किरणदादा, तुम्ही सांगितलेलं: BugcheckCode सगळीकडे 0 आहे. फक्त बॅटरीवर चालवला तेव्हा बंद पडला नाही, पण बॅटरी जुनी आहे, पाऊण तास कशीबशी टिकते आणि तेव्हा मी फक्त ब्राउझर उघडला होता. चार्जर लावून मोठी पीडीएफ एक्स्पोर्ट करायला लावली की बंद. मैत्रिणीचा त्याच कंपनीचा ६५ वॅटचा ॲडॅप्टर आणला, तरी तसंच. पिन हलवली तर लाईट काही लुकलुकत नाही, पण लॅपटॉप डाव्या कोपऱ्यात, जिथे चार्जरची पिन जाते तिथे, खालून थोडा दाबला गेला की लाईट जातो आणि परत येतो!

---

किरण_बोर्डवाला

ताई, हे फार कामाचं सांगितलंत. आता काय होतंय ते बघा.

BugcheckCode 0 म्हणजे करंट तुटतोय, विंडोजचा दोष नाही. बॅटरीवर चालतो म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि त्यांना वीज देणारा भाग बहुतेक ठीक आहे. दोन वेगळ्या ॲडॅप्टरवर तेच होतं म्हणजे ॲडॅप्टर सुटला. राहिला तो जॅकपासून बॅटरीच्या चार्जिंगपर्यंतचा तुकडा, आणि तिथेच दाबल्यावर फरक पडतोय.

तिथे काय असतं तर पहिले जॅक आणि त्याची वायर, मग दोन मॉस्फेट, जे ॲडॅप्टरचे १९ व्होल्ट आत सोडतात, आणि त्यांच्या आजूबाजूला सिरॅमिकचे बारीक कपॅसिटर. ह्यातलं काहीतरी सुटलंय किंवा चिरलंय. ॲडॅप्टरचा करंट क्षणभर तुटतो. बॅटरी नवी असती तर त्या क्षणाला तिने भार उचलला असता आणि तुम्हाला फक्त चार्जिंगचा लाईट लुकलुकलेला दिसला असता. पण तुमची बॅटरी थकलीये, पीडीएफ एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर जोरात चाललेला असतो, तो भार एकदम अंगावर आला की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि मशीन बंद. म्हणून हलक्या कामात चालतो आणि जड कामात पडतो. लोक ह्यालाच "गरम होऊन बंद पडतो" म्हणतात आणि फॅन साफ करून घेतात.

माझा अंदाज असा की जॅक असेल तर पार्ट आणि मजुरी धरून हजार-बाराशे. मॉस्फेट, कपॅसिटर असेल तर अडीच ते साडेतीन हजार. ह्याच्या वर कोणी मागितलं तर काय बदलणार ते विचारा. आणि प्रोसेसर किंवा त्याच्या शेजारची मोठी चिप बदलायची भाषा केली तर मशीन उचलून घरी या, तुमची लक्षणं त्याची नाहीत.

---

अण्णा_६२

किरण, तुमचं म्हणणं समजलं आणि लक्षणांवरून एवढं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. तरीपण मी विचारतो, साडेतीन हजार आज घातले, सहा महिन्यांनी स्क्रीन गेला, मग बिजागरी तुटली, मग? जुन्या मशीनचं असंच होतं, एक काढलं की दुसरं.

---

किरण_बोर्डवाला

बरोबर प्रश्न आहे अण्णा. म्हणून मी दुरुस्तीचा खर्च एकटा कधीच धरत नाही. मशीन पुढची दोन-अडीच वर्षं कामाला ठेवायला अजून काय काय लागेल ते सगळं त्यात धरायचं. ताईंच्या केसमध्ये बॅटरी नक्की लागणार, चांगल्या प्रतीची अडीच-तीन हजारांना येईल. बिजागरी आत्ता ठीक आहे का ते उघडल्यावर बघून घ्यायचं, कारण तेव्हा मजुरी वेगळी पडत नाही. म्हणजे बोर्ड साडेतीन, बॅटरी तीन, असे साडेसहा हजार. तुम्हीच म्हणालात तसं चालू मशीन १६-१७ हजारांचं आहे. तुमच्याच निम्म्याच्या नियमात हे बसतं.

आता दुसरी बाजू. १९,००० चा रिफर्बिश्ड म्हणजे तोही ह्याच जनरेशनचा, तोही साधारण तेवढाच जुना. त्याचा बोर्ड आतून कोणी कधी उघडलाय ते माहीत नाही, बॅटरी किती उरली ते माहीत नाही. शिवाय ताईंना फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परत घ्यावं लागणार ते वेगळंच. साडेबारा हजार जास्त घालून त्यांना त्याच वयाचं अनोळखी मशीन मिळणार.

एक गोष्ट मात्र मी पक्की बघतो ती म्हणजे विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृत चालतं. ताईंचा 8250U आठवीचा, म्हणजे त्या यादीत अगदी उंबऱ्यावर का होईना पण आत आहे. हेच मशीन सातव्या जनरेशनचं असतं तर मी एवढ्या जोरात रिपेअर करा म्हटलं नसतं.

---

शेखर

लॅमिंग्टन रोडला जुने काढलेले बोर्ड मिळतात, माझ्या भावाने त्याच्या लॅपटॉपला ७,५०० ला आणून टाकला, एक वर्ष झालं छान चालतोय. हा मधला मार्ग का नाही सांगत कोणी? नाहीतर बोर्ड हीट गनने गरम करून घ्या, पाचशे रुपयांत काम होतं, माझा जुना लॅपटॉप तसाच सुरू झाला होता.

---

किरण_बोर्डवाला

काढलेला बोर्ड हा मार्ग आहे, चुकीचा नाही, पण कधी वापरायचा तर प्रोसेसरच गेला असेल किंवा बोर्ड जळून आतली तांब्याची रेघ तुटली असेल तेव्हा. ते बोर्ड कंपन्यांच्या भंगारात निघालेल्या मशीनमधून येतात. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना हे दुकानातच सुरू करून बघायचं, नंतर कळलं तर दुकानदार परत घेत नाही. तोच प्रोसेसर आहे का ते बघायचं, कारण एकाच मॉडेलमध्ये तीन-चार प्रकार असतात आणि प्रोसेसर बोर्डवरच पक्का सोल्डर केलेला असतो, नंतर बदलता येत नाही. आणि ताईंना तो चालणारच नाही, कारण मशीनला बांधलेलं सॉफ्टवेअर बहुतेक बोर्डलाच ओळखतं. विंडोजचं लायसन्स पण जुन्या बोर्डबरोबरच असतं. म्हणजे ७,५०० देऊन परत लायसन्सचा प्रश्न तिथेच.

हीट गनबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायचंय, कृपा करून कोणी करू नका. काही चिप आतून सुटलेल्या असतात, गरम केलं की तो आतला सांधा तात्पुरता चिकटतो, मशीन सुरू होतं, दुकानदार पैसे घेतो आणि काही आठवड्यांत परत तेच. आणि तेवढ्या उष्णतेने बाजूचे चांगले भाग आणि प्लास्टिकचे सॉकेट खराब होतात. असे गरम केलेले बोर्ड माझ्याकडे येतात, त्यातले बरेच मूळ बिघाड छोटा असूनही मला परत करावे लागतात. फार वाईट वाटतं, कारण लोकांनी पाचशे रुपये वाचवायला मशीन गमावलेलं असतं.

---

शेखर

माझा सुरू झाला होता आणि वर्षभर चालला, त्यामुळे मी तरी पूर्ण मान्य करणार नाही. पण बोर्डचं लायसन्सचं लक्षात आलं नव्हतं.

---

सुमेधा_सातारा

मग मी दुकानात काय बोलू? त्या ४,५०० वाल्याकडे जाऊ की दुसरीकडे? मला तिथे गेल्यावर काही सुचत नाही, ते भराभर बोलतात.

---

किरण_बोर्डवाला

ताई, तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ऐका. तपासून आधी बिघाड सांगाल का, आणि मी नको म्हटलं तर तपासणीचे किती? तीनशे-पाचशे घेतात, ते द्यायला हरकत नाही. दुसरं, तुमच्याकडे करंट दाखवणारा पॉवर सप्लाय आहे का. ज्याच्याकडे आहे तो बॅटरी काढून बोर्डला १९ व्होल्ट देईल आणि मशीन बंद असताना किती करंट ओढतो ते तुमच्यासमोर दाखवेल. बंद मशीनने अगदी थोडा, ०.०२-०.०३ अँपियर असा ओढून स्थिर राहायला पाहिजे. काटा नाचत असेल किंवा आकडा वर चढत असेल तर कुठेतरी गळती किंवा सैल सांधा आहे, आणि ते त्यालाही दिसेल तुम्हालाही दिसेल. तिसरं, काढलेले भाग मला परत द्याल का. चांगला कारागीर ह्याला कधी नाही म्हणत नाही.

जो माणूस मशीन न उघडता ४,५०० सांगतो तो सगळ्यांना ४,५०० च सांगतो, जॅक असला तरी आणि काही असलं तरी. तो वाईट कारागीर असेलच असं नाही, पण भाव तपासणीनंतर ठरायला पाहिजे.

आणि एसएसडी काढून घरी ठेवा. पॉवरच्या बिघाडाला डिस्कची गरज नाही, बायोसची स्क्रीन आली की पुरे.

---

वृषाली

एसएसडी काढण्याआधी पूर्ण शटडाऊन करा, नुसतं झाकण मिटून नाही, आणि आतून बॅटरीचं कनेक्टर सोडवूनच हात लावा. स्वतः उघडायचं नसेल तर दुकानात समोर उभं राहून काढून घ्या.

---

सुमेधा_सातारा

अपडेट देते. साताऱ्यातच स्टँडच्या बाजूला दुसरा एक मुलगा आहे, लहानच दुकान, त्याच्याकडे मायक्रोस्कोप होता. तीनशे तपासणीचे. मी विचारल्यावर त्याने खरंच पॉवर सप्लाय लावून दाखवला. आधी ०.०२ दाखवत होता, मग त्याने प्लास्टिकच्या काडीने जॅकच्या बाजूचा बोर्ड हलकेच दाबला तर आकडा शून्य झाला, परत सोडला तर एकदम ०.२ वर गेला आणि खाली आला. जॅक चांगला निघाला. मायक्रोस्कोपखाली मला पण बघायला दिलं, एका काळ्या चौकोनी भागाच्या पायाशी सोल्डरवर बारीक गोल चीर होती आणि कडेला फिकट हिरवट पूड. शेजारचा एक छोटा तपकिरी कपॅसिटर एका बाजूने तडकलेला. मला त्यातलं काही कळत नाही पण ती चीर अगदी स्पष्ट दिसत होती.

दोन्ही मॉस्फेट आणि दोन कपॅसिटर बदलून ३,२०० सांगितले, तपासणीचे तीनशे त्यातच. बॅटरी २,८०० ची वेगळी. म्हणजे ६,०००. करू ना?

---

किरण_बोर्डवाला

करा, डोळे झाकून करा. मुलगा काम जाणतो. ते भाग स्वतः पन्नास-शंभर रुपयांचे असतात, पैसे शोधण्याचे आणि हाताचे आहेत, ते रास्तच आहेत.

हिरवी पूड आहे म्हणजे दमटपणा बसलाय, त्याला म्हणावं तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून ब्रशने घासून मगच नवीन सोल्डर कर. आणि चीर का पडली तर बोर्ड वाकल्यामुळे. चालू लॅपटॉप एका हाताने कोपऱ्याला धरून उचलला की सगळा बाक नेमका तिथे येतो, आणि ते बारीक कपॅसिटर सिरॅमिकचे असतात, ते लवचिक नसतात. आता उचलताना दोन्ही हातांनी खालून.

बिलावर "रिपेअर चार्जेस" एवढंच लिहू देऊ नका, चार्जिंग सेक्शन, मॉस्फेट बदलले, तीन महिने वॉरंटी असं लिहून घ्या. आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर.

---

अण्णा_६२

सहा हजारांत होत असेल तर मीही करा म्हणेन. माझा नियम पूर्ण बोर्डच्या भावावर बेतलेला होता, आमच्या ऑफिसात नेहमी पूर्ण बोर्डच बदलायचे. पण सुमेधा, एक ऐक माझं, दर महिन्याला हजार-दीड हजार नवीन मशीनसाठी बाजूला टाक. हे मशीन दोन वर्षं देईल, चार देणार नाही.

---

कोकणकडा

मला अजून खात्री नाही. पावसाळा जाऊ दे, मग बोला.

---

सुमेधा_सातारा

झालं काम. बिलावर सगळं लिहून घेतलं, जुने भाग एका पुडीत दिले. काल संध्याकाळभर चार्जर लावून पानं एक्स्पोर्ट करत होते, तोच कोपरा दाबून पण बघितला, लाईट गेला नाही. एसएसडी परत बसवल्यावर त्याने की मागितली नाही, कारण बोर्ड तोच आहे ना? फॉन्टचं सॉफ्टवेअर पण जसंच्या तसं उघडलं. अण्णा, तुमचं महिन्याला बाजूला टाकायचं चालू करते ह्या महिन्यापासून.

---

वृषाली

हो, बोर्ड तोच म्हणून. पण तो कागद फेकू नको, बायोस अपडेट झालं तरी कधीकधी मागतो.

---

निलेश_नांदेड

धागा वाचला, फार उपयोगी. माझं पण जवळजवळ हेच आहे, चार्जर लावला की चालू, काढला की बंद, दुकानदार चार्जिंग सेक्शन म्हणतो ३,००० सांगतो. लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, अजून जुनी हार्डडिस्कच आहे. मुलगा बारावीला, त्याला ऑनलाइन लेक्चर आणि पुढे इंजिनीअरिंगला लागेल. मी पण करून घेऊ ना?

---

किरण_बोर्डवाला

निलेशभाऊ, थांबा. पहिलं तर चार्जर काढला की बंद हे बहुतेक नुसत्या मेलेल्या बॅटरीचं लक्षण आहे, ताईंच्या नेमकं उलट. Command Prompt मध्ये हे टाका, एक फाइल तयार होईल, कुठे ते तिथेच लिहून येईल:

```
powercfg /batteryreport
```

त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, किंवा बॅटरीच दिसत नसेल, तर आधी बॅटरीकडे बघा, बोर्डला हात नको.

आणि खरंच बोर्ड निघाला तरी तुम्हाला मी करा म्हणणार नाही. बोर्ड तीन, बॅटरी अडीच, एसएसडी आणि रॅम, म्हणजे दहाच्या आसपास जाल, आणि हातात सहाव्या जनरेशनचं मशीन, ज्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ते चालू स्थितीत सात-आठ हजारांना पण कोणी घेणार नाही. इंजिनीअरिंगला तर ते पुरणारच नाही. बारावीपर्यंत चार्जर लावूनच चालवा, हार्डडिस्कवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि पैसे ॲडमिशनच्या वेळच्या मशीनला ठेवा.

---

शेखर

लिनक्स टाकलं तर सहावी जनरेशन पण मस्त चालते, विंडोज ११ कशाला पाहिजे लेक्चर बघायला.

---

वृषाली

लेक्चरला चालेल, पण काही कॉलेजांचं परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, ते आधी बघून घ्या. निलेश, बॅटरी रिपोर्टचे आकडे इथे टाका.